स्पर्धक-विश्लेषणाच्या डेकवरून स्वॉट तक्ता: प्रत्येक मुद्द्यामागे स्लाइड कशी जोडायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पर्धकांचा अभ्यास करून कुणीतरी वीस-बावीस स्लाइडचा डेक बनवलेला असतो. मग वरून निरोप येतो, की यावरून एका पानाचा स्वॉट तक्ता, म्हणजे आपली बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता द्या आणि प्रत्येक मुद्दा कुठल्या स्लाइडवरून घेतला तेही लिहा. हे काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्याने करणारे सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे धागा तुटणार नाही. समजा आपली कंपनी दातांच्या दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर विकते. डेक २२ स्लाइडचा आहे. स्लाइड २ वर माहिती कधी आणि कशी गोळा केली ते आहे, ४ वर सुविधांची तुलना, ५ वर किमती, ६ ते ९ पहिला स्पर्धक, १० ते १३ दुसरा, १४ ते १६ तिसरा, १७ वर ग्राहकांचे अभिप्राय, १८ वर आपल्याकडे आलेली आणि आपल्या हातून गेलेली गिऱ्हाइकं, १९ वर बाजारातले बदल, २१ वर 'आपलं स्थान' आणि २२ वर शिफारशी. डेक आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत.

## डेक तर स्पर्धकांबद्दल आहे. मग त्यावरून आपला स्वॉट कसा निघणार?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून याचं उत्तर जरा सावकाश देते.

डेकमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'त्यांचं असं आहे' असं सांगतं. स्वॉट तक्ता मात्र 'आपलं असं आहे' आणि 'आपल्याभोवती असं घडतंय' असं सांगतो. त्यामुळे स्लाइडवरचं वाक्य उचलून तक्त्यात ठेवता येत नाही, ते आधी आपल्या बाजूला वळवावं लागतं. घाईत माणूस शब्दावर जातो. स्लाइड ८ वर लिहिलंय, 'पहिल्या स्पर्धकाची उणीव: इंटरनेट नसेल तर अ‍ॅप चालत नाही.' 'उणीव' हा शब्द दिसला की हात आपोआप उणिवांच्या रकान्याकडे जातो. पण त्यांची उणीव ही आपली उणीव नाही. ती आपलं बलस्थान आहे असंही लगेच म्हणता येत नाही, कारण आपलं अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं का हे स्लाइड ८ सांगतच नाही.

म्हणून स्लाइड ८ हातात धरून तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, याच बाबतीत आपली स्थिती काय? ती स्लाइड ४ वरच्या तुलनेत सापडते: आपल्या रकान्यात 'ऑफलाइन नोंदणी' समोर बरोबरची खूण आहे. दुसरी, गिऱ्हाइकाला याचं सोयरसुतक आहे का? स्लाइड १७ म्हणते, की पहिल्या स्पर्धकाचे ४० अभिप्राय वाचले त्यांपैकी ११ जणांनी नेट गेलं की काम थांबतं अशी तक्रार केली. म्हणजे दुखणं खरं आहे. तिसरी, त्यामुळे कुणी आपल्याकडे वळलं का? स्लाइड १८ वर सहा महिन्यांत आलेले १२ नवे दवाखाने आहेत. त्यांपैकी फक्त २ जणांनी ऑफलाइन सोय हे कारण दिलं.

आता एका स्लाइडमधून दोन वेगळे मुद्दे निघतात. बलस्थान: 'नेट नसतानाही आपल्या अ‍ॅपमध्ये नोंदणी होते, पहिल्या स्पर्धकाच्या होत नाही' (स्लाइड ४ आणि ८). संधी: 'पहिल्या स्पर्धकाच्या ग्राहकांपैकी काही जण नेटच्या अडचणीमुळे दुसरा पर्याय बघण्याच्या मनःस्थितीत असू शकतात' (स्लाइड १७). दोन्ही मुद्द्यांना स्लाइड १८ लगाम घालते, कारण प्रत्यक्षात त्या कारणाने आलेले दोनच आहेत. ही स्लाइडही तक्त्यात दिसली पाहिजे. ती गाळली, तर वाचणाऱ्याला वाटेल की ऑफलाइन हेच आपलं हुकमाचं पान आहे.

## मुद्दा 'आतला' की 'बाहेरचा' यावर आमचं नेहमी अडतं. साधी कसोटी आहे का?

आहे. मनातल्या मनात आपली कंपनी बाजारातून काढून टाका. गोष्ट तरीही तशीच राहते का? राहत असेल तर ती बाहेरची, म्हणजे संधी किंवा धोका. दुसऱ्या स्पर्धकाने दर उतरवले, हे आपण नसतो तरी घडलंच असतं, म्हणून तो धोका. जुन्या नोंदी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला तीन आठवडे लागतात, ही गोष्ट आपण नसलो तर उरतच नाही, म्हणून ती उणीव.

## 'स्लाइड' रकान्यात नुसता क्रमांक पुरत नाही का?

मला पुरत नाही. एका स्लाइडवर तक्ता असतो, आलेख असतो, तळटीप असते, बाजूला चौकटीत कुणाचं तरी मत असतं. 'स्लाइड ५' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याने नेमकं कुठे बघायचं? म्हणून मी क्रमांकासोबत जागा लिहिते: 'स्लाइड ५, तळटीप' किंवा 'स्लाइड ४, ओळ ऑफलाइन नोंदणी'. शिवाय स्लाइडवर जे दिसतं ते आठ-दहा शब्दांत जसंच्या तसं उतरवते. आपला निष्कर्ष एका रकान्यात आणि स्लाइडवरचे शब्द शेजारच्या रकान्यात ठेवले की दोघांमधलं अंतर उघडं पडतं. लिहिताना स्वतःलाच कळतं, की स्लाइड 'तक्रार करतात' म्हणते आणि आपण 'सोडून जातील' लिहून बसलोय.

या अंतरासाठीच आणखी एक छोटा रकाना लागतो, त्यात दोनच शब्द येतात: 'थेट' किंवा 'अनुमान'. स्लाइडवरचं वाचून कुणीही तेच म्हणेल, तर 'थेट'. मधे आपण एखादी पायरी जोडली असेल, तर 'अनुमान'. वरची संधी अनुमान आहे, बलस्थान थेट आहे. अनुमान असण्यात काहीच गैर नाही. तक्त्यातल्या बऱ्याच संधी अनुमानच असतात. ते थेट म्हणून खपवलं जाऊ नये, एवढंच.

## एखादा मुद्दा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

किमतीचा घेऊ, कारण प्रत्येक डेकमध्ये तो असतो आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच असतो.

स्लाइड ५ वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'दुसरा स्पर्धक आपल्यापेक्षा ३० टक्के स्वस्त.' पहिल्या मसुद्यात बहुतेक जण तेच वाक्य धोका म्हणून लिहितात आणि पुढे जातात. पण त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे: दुसऱ्या स्पर्धकाच्या दरात रुग्णांना पाठवायचे आठवणीचे संदेश धरलेले नाहीत, ते वेगळे पडतात. आपल्या दरात ते धरलेले आहेत.

आपला महिन्याचा दर १०० एकक मानू. मग त्यांचा ७० एकक. टिपेप्रमाणे दर १०० संदेशांना ४ एकक जादा. महिन्याला २०० संदेश पाठवणाऱ्या छोट्या दवाखान्याला ते ७८ एककांना पडतं, म्हणजे अजूनही २२ टक्के स्वस्त. ६०० संदेश पाठवणाऱ्या मोठ्या दवाखान्याला ९४ एकक पडतात, म्हणजे फरक उरला ६ टक्क्यांचा. ७५० संदेशांवर दोघे सारखे होतात आणि त्यापुढे आपणच स्वस्त ठरतो. म्हणजे '३० टक्के स्वस्त' हा धोका सरसकट नाही, तो छोट्या दवाखान्यांपुरता आहे.

हे डेकमधल्या दुसऱ्या कुठल्या स्लाइडशी जुळतं का ते बघायचं. स्लाइड १८ वर हातून गेलेले १८ दवाखाने आहेत. ७ जणांनी किंमत हे कारण दिलं, ५ जणांनी जुन्या नोंदी आणण्याचा त्रास, ४ जणांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी नसणं, आणि २ जणांचं कारण कळलं नाही. किंमत म्हणणाऱ्या ७ पैकी ६ जणांकडे एक किंवा दोनच खुर्च्या होत्या. हिशेब आणि गिऱ्हाइकांचं वागणं एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग धोका असा लिहिला जातो: 'एक-दोन खुर्च्यांच्या दवाखान्यांसाठी दुसरा स्पर्धक संदेशांचा खर्च धरूनही स्पष्टपणे स्वस्त पडतो आणि असे ग्राहक जात आहेत.' पुरावा: स्लाइड ५ मुख्य तक्ता, स्लाइड ५ तळटीप, स्लाइड १८ गेलेल्यांची यादी. उलट बाजू: जास्त संदेश पाठवणाऱ्या दवाखान्यांना फरक जवळजवळ उरत नाही (स्लाइड ५ तळटीप).

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. छोटा दवाखाना महिन्याला २०० आणि मोठा ६०० संदेश पाठवतो, हे डेकमध्ये कुठेच नाही. ते मी आपल्या स्वतःच्या वापराच्या नोंदीतून घेतलं असं धरा. अशा ठिकाणी स्लाइडचा क्रमांक न चिकटवता 'डेकबाहेर' असं लिहायचं आणि कुठून घेतलं तेही लिहायचं. डेकबाहेरची माहिती वापरायला हरकत नाही, पण ती कुठल्यातरी स्लाइडच्या नावावर खपवली की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास जातो.

## मग भरलेला तक्ता दिसतो कसा?

वरच्या उदाहरणातल्या चार ओळी:

| मुद्दा | कुठे | स्लाइडवर काय आहे | नातं | उलट पुरावा |
|---|---|---|---|---|
| बलस्थान १: नेट नसतानाही नोंदणी होते, पहिल्या स्पर्धकाची होत नाही | ४, ओळ ऑफलाइन नोंदणी, ८, उणिवा | 'इंटरनेट नसेल तर अ‍ॅप चालत नाही' | थेट | १८: १२ पैकी २ जणांनीच हे कारण दिलं |
| उणीव १: जुन्या नोंदी आणण्याच्या त्रासामुळे गिऱ्हाइकं जातात | १८, गेलेल्यांची यादी | १८ पैकी ५ | थेट | नाही |
| संधी १: पहिल्या स्पर्धकाचे नेटवर वैतागलेले ग्राहक पर्याय बघू शकतात | १७, पहिली चौकट | ४० पैकी ११ तक्रारी | अनुमान | १८: आलेले दोनच |
| धोका १: छोट्या दवाखान्यांना दुसरा स्पर्धक स्वस्त पडतो | ५, तक्ता आणि तळटीप, १८, गेलेल्यांची यादी | '३० टक्के स्वस्त', ७ पैकी ६ छोटे | थेट, संदेशांची संख्या डेकबाहेरून | ५, तळटीप: मोठ्यांना फरक नगण्य |

बैठकीत दाखवायचा चार चौकोनांचा तक्ता यावरूनच बनतो. तिथे फक्त मुद्दा आणि कंसात स्लाइड क्रमांक येतात. बाकीचे रकाने मागच्या पानावर राहतात आणि कुणी विचारलं की काढता येतात.

## 'आपलं स्थान' या स्लाइडवर सगळं तयारच असतं. तीच का जोडू नये?

कारण ती स्लाइड पुरावा नसते, दुसऱ्या स्लाइडचा सारांश असते. स्लाइड २१ म्हणते, 'आपली ग्राहकसेवा सर्वोत्तम.' हे कुठून आलं ते शोधत गेलं की आपण स्लाइड १७ च्या कोपऱ्यात पोचतो आणि तिथे आपल्याबद्दलचे तीन चांगले अभिप्राय असतात, फक्त तीन. स्लाइड २२ पुन्हा तेच शिफारशीच्या रूपात म्हणते. आता कुणी 'ग्राहकसेवा (स्लाइड १७, २१, २२)' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला तीन पुरावे दिसतात. खरं म्हणजे एकच आहे आणि तोही तोकडा.

म्हणून नेहमी मुळाशी जायचं. माहिती डेकमध्ये जिथे पहिल्यांदा येते ती स्लाइड लिहायची आणि तिची पुनरावृत्ती करणाऱ्या स्लाइड सोडून द्यायच्या. सारांशाच्या स्लाइडला मागे मूळच सापडलं नाही, तर तो मुद्दा तक्त्यात घेऊ नये. डेक बनवणाऱ्याला विचारावं. कधी कधी मूळ स्लाइड डेक आवरताना काढून टाकलेली असते आणि ती परत मिळते.

## तुलनेच्या तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे 'नाही' समजायचं का?

अजिबात नाही. रिकामा चौकोन म्हणजे 'नाही', 'माहीत नाही' किंवा 'भरायचं राहिलं' यांपैकी काहीही असू शकतं. त्यावर बलस्थान उभं केलं आणि समोरच्याने स्पर्धकाच्या संकेतस्थळावर ती सुविधा तिथल्या तिथे उघडून दाखवली, तर बाकीचे खरे मुद्देही संशयात जातात. फुलीची खूण असेल तरच 'नाही' धरा.

## दोन स्लाइड एकमेकींच्या विरुद्ध बोलत असतील तर?

स्लाइड ४ म्हणते, तिसऱ्या स्पर्धकाकडे जुन्या नोंदी आणण्याची सोय नाही. स्लाइड १५ म्हणते, ते पहिल्या महिन्यात जुन्या नोंदी फुकट आणून देतात. दोन्ही एकाच डेकमध्ये आहेत आणि दोन्ही ठामपणे लिहिलेल्या आहेत.

अशा वेळी आधी स्लाइड २ बघायची. तिथे कळतं, की तुलनेचा तक्ता जानेवारीत भरला आणि तिसऱ्या स्पर्धकाची माहिती एप्रिलमध्ये घेतली. मधल्या काळात त्यांनी सोय सुरू केली असणार असा अंदाज बांधता येतो. तरी 'नवीन ते खरं' असं डोळे मिटून धरू नये. एप्रिलची माहिती त्यांच्या दरपत्रकातून आली की विक्रेत्याच्या तोंडून, हेही बघावं. दरपत्रक असेल तर १५ धरायची आणि ४ चा उल्लेख उलट पुरावा म्हणून ठेवायचा. विक्रेत्याचं बोलणं असेल तर मुद्द्यापुढे 'खात्री बाकी' लिहून थांबायचं.

या उदाहरणात तर फारच फरक पडतो. आपले ५ दवाखाने नेमके याच त्रासामुळे गेले. स्लाइड ४ खरी असेल, तर ही आपल्याबरोबर तिसऱ्या स्पर्धकाचीही अडचण आहे. स्लाइड १५ खरी असेल, तर तो आपल्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवून गिऱ्हाइकं ओढतोय आणि तो ठळक धोका आहे. एक स्लाइड इकडची तिकडे झाली की सगळ्या तक्त्याचा रोख बदलतो.

## एखाद्या चौकोनाला डेकमध्ये पुरावाच नसेल तर?

तो रिकामा ठेवा आणि तिथे 'या डेकमध्ये पुरावा नाही' असं लिहा. स्पर्धकांच्या डेकमध्ये आपल्या आतल्या गोष्टी, म्हणजे माणसं, खर्च, कामाचा वेग, क्वचितच असतात, त्यामुळे उणिवांचा चौकोन हमखास बारीक निघतो. तो बरा दिसावा म्हणून 'ब्रँडची ओळख कमी' सारखं काहीतरी भरायचा मोह होतो. त्या मोहात पडू नका. तो चौकोन रिकामा दिसला, तरच आतली माहिती मागवायला हवी हे बैठकीतल्या लोकांच्या लक्षात येईल.

## मुद्दे किती असावेत?

प्रत्येक चौकोनात तीन ते पाच. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक यांनी १९९७ मध्ये २० कंपन्यांमधल्या स्वॉटच्या वापराचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्यांना दिसलं ते असं: सरासरी चाळीसहून जास्त मुद्द्यांच्या लांब याद्या, मोघम वर्णनं, प्राधान्य कशालाच नाही, आणि निष्कर्ष पडताळण्याचा प्रयत्नही नाही. केलेलं विश्लेषण पुढे क्वचितच वापरलं गेलं. स्लाइड जोडण्याची शिस्त यांतल्या पडताळणीच्या दुखण्यावर थेट काम करते आणि यादीही आपोआप आखडते, कारण ज्याला स्लाइड सापडत नाही तो मुद्दा गळतो.

प्राधान्य मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं. ज्या मुद्द्यामागे गिऱ्हाइकांनी प्रत्यक्ष केलेली गोष्ट आहे, तो मी वर ठेवते. नुसत्या बोलण्यावरचा त्याखाली येतो आणि सुविधांच्या खुणांवरचा सगळ्यांत खाली. म्हणून वरच्या उदाहरणात जुन्या नोंदींची उणीव ऑफलाइनच्या बलस्थानापेक्षा जड आहे, हे स्लाइड ४ बघून पटलं नाही तरी.

## डेकमध्ये नवी स्लाइड घातली की सगळे क्रमांक चुकतात. यावर उपाय?

हा फटका मी खाल्ला आहे. एका बैठकीत वरिष्ठांनी तक्त्यातल्या 'स्लाइड १४' वर बोट ठेवून ती उघडायला सांगितली आणि पडद्यावर भलताच आलेख आला. आदल्या रात्री कुणीतरी सुरुवातीला दोन स्लाइड घातल्या होत्या. माझे सगळे संदर्भ दोनने सरकले होते आणि पुढची दहा मिनिटं मुद्द्यांऐवजी क्रमांकांवर गेली.

पहिला उपाय साधा आहे. काम सुरू करताना डेकची प्रत गोठवा, फाइलच्या नावात तारीख घाला, आणि तक्त्याच्या डोक्यावर 'अमुक तारखेच्या प्रतीनुसार' असं लिहा. प्रत बदलली की तक्ता पुन्हा तपासायचा.

दुसरी काळजी क्रमांक नेमका कुठला याची. पॉवरपॉइंटमध्ये लपवलेल्या स्लाइडलाही क्रमांक असतो. समजा स्लाइड १३ लपवलेली आहे आणि पीडीएफ काढताना `Include hidden slides` ही खूण नव्हती. मग १४ पासून पुढे पीडीएफचं पान एकने मागे पडतं: स्लाइड १८ ही पीडीएफच्या १७ व्या पानावर येते. शिवाय `Slide Size` मधल्या `Number slides from` मध्ये कुणी ० टाकलं असेल, तर छापलेला क्रमांक आणि जागेचा क्रमांकही वेगळे होतात. म्हणून मी स्लाइडवर छापलेला क्रमांक वापरते आणि सोबत स्लाइडचं शीर्षक लिहिते. क्रमांक चुकला तरी शीर्षकावरून स्लाइड सापडते.

डेक सतत बदलत असेल तर प्रत्येक स्लाइडची कायमची ओळख नोंदवून ठेवा. पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडला एक `SlideID` देतं आणि स्लाइड मागेपुढे केली तरी ते बदलत नाही. हा छोटा मॅक्रो सगळ्यांची यादी काढतो:

```vba
Sub SlideYadi()
  Dim s As Slide
  For Each s In ActivePresentation.Slides
    Debug.Print s.SlideIndex, s.SlideNumber, _
      s.SlideID, s.SlideShowTransition.Hidden
  Next
End Sub
```

यादी `Immediate` खिडकीत येते, ती मॅक्रो लिहितो त्या VBA संपादकात `Ctrl+G` ने उघडते. शेवटच्या रकान्यात `-1` असेल ती स्लाइड लपवलेली. शीर्षकं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण त्या खिडकीत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. एक मर्यादा लक्षात ठेवा: स्लाइड दुसऱ्या फाइलमध्ये नेऊन चिकटवली की तिथे तिचं `SlideID` तेच राहील असं धरून चालू नका. गूगल स्लाइड्समध्ये हेच काम पत्त्याच्या शेवटी दिसणारा `#slide=id.` पुढचा भाग करतो.

तक्ता त्याच डेकमध्ये शेवटी जोडणार असाल, तर क्रमांकांवर `Place in This Document` वापरून दुवे द्या. स्लाइड हलवली तरी दुवा योग्य ठिकाणी नेतो. पण दुव्यावर लिहिलेला आकडा आपोआप बदलत नाही, तो हातानेच सुधारावा लागतो.

## कुठल्या स्लाइड वापरल्याच नाहीत, हे कसं कळेल?

पुराव्यांची `Evidence` नावाची एक वेगळी शीट करा, एका ओळीत एकच मुद्दा आणि `B` रकान्यात एकाच स्लाइडचा नुसता क्रमांक. 'धोका १' ला दोन स्लाइड असतील तर दोन ओळी. एकाच घरात '५, १८' असं लिहिलं तर मोजता येत नाही. दुसऱ्या शीटवर `A2` पासून खाली १ ते २२ क्रमांक टाका आणि `A2` शेजारी हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(Evidence!B:B,A2)
```

शून्य आलेल्या स्लाइड एकदा डोळ्यांखालून घाला. मुखपृष्ठाला शून्य येणारच. पण स्लाइड १९, म्हणजे बाजारातले बदल, शून्यावर असेल तर संधी आणि धोके फक्त स्पर्धकांच्या हालचालींवरून लिहिले गेलेत आणि बाजार सुटलाय. उलट एकाच स्लाइडवर सहा-सात मुद्दे टेकलेले दिसले, तर ती एक स्लाइड चुकली की तक्ताच कोसळेल. उदाहरणात स्लाइड १८ कडे तसा कल दिसतो, म्हणून ती यादी कुणी आणि कशी भरली हे मी आधी विचारून घेईन.

## 'ऑफलाइनची जाहिरात करावी' ही संधी म्हणून लिहिली तर चालेल?

नाही, ती कृती आहे. संधी म्हणजे बाहेरची परिस्थिती, आणि 'करावी', 'वाढवावी' असं क्रियापद आलं की आपण उपायात शिरलो. उपायांसाठी वेगळी मांडणी आहे. हाइन्झ वायरिख यांनी १९८२ मध्ये टॉव्ज नावाने ती मांडली: बलस्थानं आणि उणिवा एका बाजूला, संधी आणि धोके दुसऱ्या बाजूला ठेवून जोड्या लावायच्या. आपल्या मुद्द्यांना क्रमांक असल्यामुळे 'बलस्थान १ आणि संधी १' अशी जोडी सरळ लिहिता येते आणि तिच्यामागच्या स्लाइडही सोबत येतात.

## वक्त्याच्या टिपांमधली माहिती धरायची का?

धरा, पण 'स्लाइड ११, टिपा' असं लिहून. पीडीएफ वाचणाऱ्याला टिपा सहसा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांतला मजकूर शेजारच्या रकान्यात पूर्ण उतरवावा लागतो.

## तक्ता द्यायच्या आधी शेवटची तपासणी कशी करता?

डेक न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला बसवते. तक्त्यातले पाच-सहा मुद्दे चिठ्ठ्यांसारखे उचलते, प्रत्येक वेळी फक्त मुद्दा वाचून दाखवते आणि जोडलेली स्लाइड समोर ठेवते. विचारते एवढंच: 'हे वाक्य इथे कुठे आहे, दाखव.' अर्ध्या मिनिटात बोट योग्य जागी गेलं तर मुद्दा पक्का. बोट स्लाइडभर फिरत राहिलं, तर जागा नीट लिहिलेली नाही किंवा मुद्दा स्लाइडपेक्षा जास्त बोलतोय. 'हे इथे आहे, पण तू म्हणतेस तसं नाही' असं उत्तर आलं, तर 'थेट' खोडून 'अनुमान' लिहिते किंवा वाक्य बदलते.

मागच्या वेळी असं करताना एका धोक्यापाशी सहकारी अडला. वाक्यात मी 'वेगाने वाढतोय' लिहिलं होतं आणि स्लाइडवरच्या आलेखात दोनच वर्षांचे खांब होते. 'वेगाने' काढला आणि 'गेल्या वर्षापेक्षा जास्त' लिहिलं.